पॉइंट की पॉईंट? चौघांच्या पुस्तिकेची एक भाषा

१. प्रश्न नेमका कोणता?

समजा, जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची १६ पानी पर्यटन पुस्तिका काढायची ठरली आहे. मजकूर चौघे लिहिणार. निवृत्त गुरुजींनी इतिहास घेतला : मुकणे घराण्याचे संस्थान, शिरपामाळ, जय विलास राजवाडा. डोंगर-धबधबे पायाखाली घातलेल्या एका तरुणाकडे दाभोसा, काळमांडवी आणि भूपतगड आले. घरगुती निवासाची सोय चालवणाऱ्या बाईंनी राहणे, जेवण आणि एसटीच्या वेळा लिहिल्या. वारली चित्रकला, तारपा आणि बोहाडा हा भाग कॉलेजातल्या मुलीने केला.

चारही भाग आपापल्या जागी चांगले आहेत. एकत्र लावल्यावर मात्र पहिल्या पानावर ‘सनसेट पॉईंट’ दिसतो, पाचव्यावर ‘सनसेट पॉइंट’ आणि नकाशात ‘सनसेट पॉइन्ट’. एका पानावर १९४८ आहे, दुसऱ्यावर 1948. शिवाजी महाराज सगळीकडे ‘थांबले’, पण त्यांचे स्वागत करणारा जव्हारचा राजा एका ठिकाणी ‘विक्रमशहांनी’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘विक्रमशाहने’.

अशा वेळी सगळे जण विचारतात, “यातले शुद्ध कोणते?” काही बाबतींत याला ठाम उत्तर आहे, काहींत अजिबात नाही. म्हणून आधी दोन ढीग करावेत. एका ढिगात नियमाने सुटणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात आपण बसून ठरवायच्या गोष्टी. दुसऱ्या ढिगातल्या शब्दावर ‘शुद्ध-अशुद्ध’ असा वाद घातला तर संध्याकाळ जाते आणि शब्द तिथेच राहतो.

२. नियम कुठवर सोबत करतात?

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. शाळेची पुस्तके आणि सरकारी कागद यांनाच अनुसरतात. हे नियम मराठी शब्दांसाठी आहेत. ‘रिसॉर्ट’ किंवा ‘ट्रेकिंग’ कसे लिहावे याची यादी त्यांत मिळणार नाही. पण त्यांतले तीन नियम इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही लावून पाहिले, तर निम्मे वाद मिटतात.

पहिला नियम : शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. ‘कवी’, ‘गती’ लिहितो तसेच ‘टॅक्सी’, ‘व्हॅली’, ‘बॅटरी’.

दुसरा : अनुस्वार असलेले किंवा जोडाक्षराच्या आधी येणारे इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व. ‘चिंच’, ‘डाळिंब’, ‘शिस्त’ आठवा. यावरून ‘पार्किंग’ आणि ‘ट्रेकिंग’ ठरतात. ‘पार्कींग’ आणि ‘ट्रेकींग’ बाद होतात. आपला ‘पॉइंट’ही इथेच सुटतो. ‘इ’वर अनुस्वार आहे, म्हणून ती ऱ्हस्व.

तिसरा : अकारान्त शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. ‘गरीब’, ‘वकील’, ‘फूल’. हे लावले की ‘तिकीट’, ‘पोलीस’, ‘मोबाईल’, ‘गाईड’ ठरतात. ‘पॉइंट’मध्ये ऱ्हस्व आणि ‘गाईड’मध्ये दीर्घ हे वरवर विसंगत वाटते, पण दोन्ही वेगवेगळ्या नियमांनी आलेले आहेत. पुस्तिकेच्या चौघांना हे एकदा समजावून सांगितले की पुढचे बरेच शब्द ते स्वतःच ठरवू शकतात.

आता मर्यादा. तिसरा नियम डोळे मिटून लावला तर ‘बिल’चे ‘बील’ होईल आणि ‘बुक’चे ‘बूक’. असे कोणी लिहीत नाही. लहान, एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्द मराठीत त्यांच्या उच्चारासह आले आहेत आणि तसेच लिहिले जातात : बिल, फिट, बुक. तेव्हा इथे नियम संपतो आणि यादी सुरू होते. ‘गाइड’ आणि ‘मोबाइल’ लिहिणारी नामांकित प्रकाशनेही आहेत. त्यांना चूक म्हणता येणार नाही. आपल्या पुस्तिकेत मात्र दोनांपैकी एकच हवे.

३. शब्द मराठीत किती मुरला आहे?

ऱ्हस्व-दीर्घ ठरले तरी दुसरा प्रश्न उरतो. ‘पॉइंटवर’ लिहावे की ‘पॉइंटावर’? ‘स्पॉट्स’ की ‘स्पॉट’?

मराठी शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे रूप बदलते. ‘घर’ला ‘त’ लागताना ‘घरात’ होते. या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. बाहेरून आलेला शब्द किती मुरला आहे, हे त्यावरून ओळखता येते. ‘तिकीट’ पूर्ण मुरले आहे, म्हणून ‘तिकिटाला’, ‘तिकिटे’. ‘पोलीस’चे ‘पोलिसांनी’. सामान्यरूपात मधली दीर्घ ई ऱ्हस्व झाली, तीही अगदी ‘गरीब–गरिबाला’ या चालीने. ‘हॉटेल’ मधल्या पायरीवर आहे. ‘हॉटेलात’ही चालते आणि ‘हॉटेलमध्ये’ही. ‘रिसॉर्ट’ अजून दाराशी आहे. ‘रिसॉर्टमध्ये’ म्हणतो, ‘रिसॉर्टात’ सहसा म्हणत नाही.

म्हणून पुस्तिकेसाठी सोपा निर्णय असा घ्यावा : बोलताना ज्या शब्दाचे रूप आपोआप बदलते, त्याचे लिहितानाही बदलावे, बाकीच्यांना प्रत्यय सरळ चिकटवावा. त्यामुळे ‘तिकिटाचा दर’, पण ‘पॉइंटवर गर्दी’.

अनेकवचनाला इंग्रजीचा ‘स’ लावू नये. ‘पाच पॉइंट’, ‘दोन रिसॉर्ट’, ‘जुने फोटो’ हे नैसर्गिक मराठी आहे. ‘पॉइंट्स’, ‘स्पॉट्स’, ‘टूरिस्ट्स’ लिहिले की पुढे ‘स्पॉट्सना’, ‘टूरिस्ट्सनी’ अशी रूपे येतात आणि वाचताना जीभ अडखळते.

त्याआधी एक चाळणी हवी. ठिकाणाचे नावच इंग्रजी असेल तर ते तसेच ठेवावे. जव्हारमध्ये ‘सनसेट पॉइंट’ आणि ‘हनुमान पॉइंट’ ही रूढ नावे आहेत. रिक्षावाल्याला ‘सूर्यास्त स्थळ’ विचारून उपयोग नाही. पण ‘दाभोसा वॉटरफॉल’ आणि ‘खडखड डॅम’ यांतला दुसरा शब्द नावाचा भाग नाही. तिथे ‘धबधबा’ आणि ‘धरण’ हे रोजचे शब्द हाताशी आहेत.

४. दिसायला एक, आतून दोन

पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी अक्षरे संगणकाला वेगळी असू शकतात. चार माणसांनी चार फोनांवर टाइप केले की हे हमखास घडते, आणि कागदावर वाचून ते सापडत नाही.

‘ॲ’ हे अक्षर घ्या. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत जागा मिळाली. संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतसंचातही ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक आहे. पण काही कळफलक ते ‘अ’ अधिक अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून उमटवतात :

```
ॲ   = U+0972
अॅ  = U+0905 + U+0945
```

एकाने पहिल्या पद्धतीने ‘ॲडव्हेंचर’ लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर शोधताना एक सापडेल आणि दुसरे निसटेल. ‘बँक’ आणि ‘स्टँड’ यांचेही तसेच. काही जण चंद्रबिंदू वापरतात, काही जण अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देतात. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

ओळखायचे कसे? मजकुरातला एक ‘ॲ’ नक्कल करून शोधखिडकीत टाकावा आणि किती ठिकाणी सापडतो ते पाहावे. डोळ्यांना दिसतात त्याहून कमी सापडले, तर आत दोन प्रकार आहेत. मग दुसरा प्रकार नक्कल करून सगळीकडे पहिल्याने बदलावा. हे बदलणे निर्धोक आहे, कारण त्याने शब्द बदलत नाही.

आणखी एक जोडी विसर्गाची आणि अपूर्णविरामाची. मराठी कळफलकावर विसर्ग पटकन हाताशी येतो, म्हणून ‘वेळ:’ऐवजी ‘वेळः’ टाइप होते. विसर्ग अक्षराचा भाग आहे, चिन्ह नाही. मोठ्या आकारातल्या शीर्षकात त्याचे दोन गोल टिंब वेगळे दिसतात आणि ‘वेळः’ हा वाचायला संस्कृत शब्द होतो. शोधून एकेक तपासावे. ‘स्वतः’ आणि ‘दुःख’ यांतला विसर्ग खरा आहे, त्याला हात लावू नये.

५. आकडे : आधी लिपी, मग मांडणी, शेवटी खरेपणा

मराठी मजकुरात देवनागरी आकडे की इंग्रजी? संविधानाच्या कलम ३४३ने केंद्राच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे 1, 2, 3, सांगितले आहे. राज्य शासनाचे मराठी निर्णय मात्र सर्रास देवनागरी आकड्यांत निघतात. आपल्या पुस्तिकेवर दोन्हींपैकी कशाचेही बंधन नाही. निर्णय वाचकाच्या सोयीने घ्यावा.

वाचायचे आकडे देवनागरीत आणि बोटाने टाइप करायचे आकडे इंग्रजीत, ही विभागणी व्यवहारात टिकते. साल, अंतर, उंची, दर, पान क्रमांक हे वाचायचे. फोन नंबर, पिनकोड, संकेतस्थळ हे टाइप करायचे. फोनवर पुस्तिका उघडून नंबरवर बोट ठेवले की थेट कॉल लागतो. इंग्रजी आकड्यांवर ही सोय हमखास चालते, देवनागरीवर चालेलच असे नाही. म्हणून ‘१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला’, पण पिनकोड 401603.

हा निर्णय पाळला गेला का, ते एका शोधात कळते. लिबरऑफिस रायटरमध्ये शोधताना रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून हे द्यावे :

```
[0-9]
```

मजकुरातला प्रत्येक इंग्रजी आकडा उजळून दिसेल. फोन आणि पिनकोड सोडून जे उरतील ते बदलायचे.

मग मांडणी. आकड्याला प्रत्यय चिकटवून लिहावा : ‘२००९च्या’, ‘१९व्या’. मध्ये मोकळी जागा सोडली की ओळ तुटताना ‘च्या’ एकटा खालच्या ओळीत जाऊन बसतो. लहान मोजणी अक्षरांत, मोठी आकड्यांत : ‘तीन धबधबे’, ‘१६ पाने’. मोजमाप, किंमत, वेळ आणि तारीख मात्र नेहमी आकड्यांत. ‘रुपये’ नेहमी ऱ्हस्व ‘रु’ने, ‘रूपये’ कुठेही नको. दर देताना ‘रु.’, ‘₹’ आणि ‘/- फक्त’ यांतले एकच काही निवडावे. साध्या पुस्तिकेला ‘५०० रुपये’ पुरते.

इथे शोधा-आणि-बदला या सोयीचा मोठा धोका आहे. ‘३०० फुट’ हे चूक, ‘३०० फूट’ बरोबर. म्हणून कोणी ‘फुट’चे सगळीकडे ‘फूट’ केले, तर ‘३०० फुटांवरून’ या बरोबर रूपाचे ‘३०० फूटांवरून’ होईल आणि ‘झऱ्याला पाझर फुटतो’चे ‘फूटतो’. नुकताच पाहिलेला सामान्यरूपाचा नियम इथे आडवा येतो : मूळ रूपात दीर्घ, प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व. ज्या शब्दाचे रूप बदलते, तो एका फटक्यात कधीच बदलू नये. एकेक पाहून बदलावा.

शेवटी आकड्याचा खरेपणा. चार लेखकांच्या मजकुरात लिपी एक झाली की लपलेले विरोध वर येतात. शिवाजी महाराजांच्या शिरपामाळच्या मुक्कामाचे साल गुरुजींच्या भागात १६६३ आहे आणि नकाशाच्या टिपेत १६६४. दोन्ही आकडे हवेतून आलेले नाहीत. सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ची. वाटेवरचा मुक्काम त्याआधी, डिसेंबर १६६३च्या अखेरीस झाल्याचे सांगितले जाते. एकाने मुक्कामाचे साल दिले, दुसऱ्याने मोहिमेचे. इथे एक आकडा पुसून दुसरा ठेवणे पुरेसे नाही. वाक्यातच स्पष्ट करावे लागते की कोणते साल कशाचे.

६. मान कुठे लिहिला जातो?

‘पॉईंट’ राहून गेला तर कोणाचे मन दुखत नाही. मान राहून गेला तर दुखते. म्हणून शब्द, आकडे आणि मान या तिन्हींत हा भाग सर्वांत काळजीने तपासायचा, आणि दिसायलाही हाच सर्वांत अवघड.

मराठीत एका माणसाला मान द्यायचा तर त्याच्याबद्दल अनेकवचनात बोलतो. हा मान तीन ठिकाणी उमटतो : सर्वनामात (‘तो’ऐवजी ‘ते’), क्रियापदात (‘थांबला’ऐवजी ‘थांबले’) आणि प्रत्ययात (‘राजाने’ऐवजी ‘राजांनी’). ‘महाराज शिरपामाळला थांबले’ या वाक्यात क्रियापदच मान सांगते, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरते.

पण भूतकाळात एखादे कर्म असले की क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा :

विक्रमशहाने महाराजांचे स्वागत केले.
विक्रमशहांनी महाराजांचे स्वागत केले.

‘केले’ दोन्हीकडे तेच, कारण ते ‘स्वागत’ या शब्दाप्रमाणे चालते. सगळा मान एका अनुस्वारात आणि ‘ने’ऐवजी आलेल्या ‘नी’त आहे. ‘त्याने–त्यांनी’, ‘राजाचा–राजांचा’ यांतही तसेच. अनुस्वार टाइप करायचा राहिला की मान गेला, आणि उरलेले वाक्य धडधाकट असल्यामुळे तपासणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘त्यानी’ हे तर दोन्हींच्या मधले अडकलेले रूप आहे. ते सापडले की लेखकाला ‘त्यांनी’च म्हणायचे होते असे बहुतेक वेळा धरता येते.

नावाचे आणखी एक. आडनावाला प्रत्यय जोडला की नाव बदलते : ‘मुकणे’चे ‘मुकण्यांनी’. बाहेरगावच्या वाचकाला मूळ आडनाव ‘मुकणे’ की ‘मुकण्या’, ते कळत नाही. म्हणून पुस्तिकेत ‘मुकणे यांनी’, ‘मशे यांचे’ अशी रचना ठेवावी. नाव अखंड राहते आणि मानही स्पष्ट होतो. आता अनुस्वार ‘यांनी’ या एकाच शब्दात शोधायचा, हा वरचा फायदा.

७. मान कोणाला?

रूपे ठरली, आता माणसे. चौघांचा मजकूर वाचताना बहुधा असे दिसते की राजे, आमदार, अधिकारी अनेकवचनात आहेत आणि गाईड, स्वयंपाकी, चित्रकार एकवचनात. कोणी मुद्दाम केलेले नसते. हाताची सवय असते. उदाहरणार्थ : “वारली चित्रकला जगापुढे नेली ती जिव्या सोमा मशे यांनी. त्याला पद्मश्री मिळाली.” पहिल्या वाक्यात नावासोबत ‘यांनी’ आले, दुसऱ्यात सर्वनाम घसरले. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या या चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. याच परिच्छेदात पाहा : ‘चित्रकाराला’ हे एकवचनी रूप चालून जाते, कारण तो सामान्य शब्द आहे, पण त्याच वाक्यात सर्वनाम येताच ‘त्यांचे’ लागते. तपासताना म्हणूनच नावापाशी थांबू नये, नावानंतरची दोन-तीन वाक्ये वाचावीत. घसरण तिथे होते.

नियम एका ओळीत बसतो : पुस्तिकेत येणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती अनेकवचनात, हुद्दा काहीही असो. स्त्रियांसाठीही तेच : ‘सरपंच म्हणाल्या’, ‘त्या चित्र काढतात’. फोटोखालच्या ओळी वेगळ्या तपासाव्यात, कारण त्या शेवटी घाईत लिहिल्या जातात. ‘तारपा वाजवणारा म्हातारा’ ऐवजी, त्यांची परवानगी असेल तर, नाव आणि गाव द्यावे. नसेल तर ‘तारपा वाजवणारे वृद्ध कलावंत’.

नावाआधीच्या उपाधीही एकसारख्या हव्यात. ‘श्री. अमुकजी साहेब’ असा तिहेरी मान नको. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लिहिले की बाईंचे लग्न झाले की नाही ही माहिती विनाकारण छापली जाते, पुरुषांची छापली जात नाही. सगळ्यांना ‘श्रीमती’ किंवा कोणालाच काही नाही, यांतले एक ठरवावे. निधन पावलेल्यांसाठी ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. तो सगळ्या धर्मांच्या आणि समाजांच्या माणसांना बसत नाही. ‘दिवंगत’ सगळ्यांना बसतो.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. देवांना मराठी माणूस जवळचा म्हणून एकेरी हाक मारतो. मोखाड्याकडच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देवांची सोंगे निघतात. ‘गणपती येतो, नाचतो’ हे तिथे बरोबर आहे. नियम पाळायचा म्हणून कोणी ‘गणपती येतात, नाचतात’ केले, तर वाचकाला वाटेल की एकामागून एक अनेक गणपती येतात.

राहिला वाचक. त्याला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’? ‘आपण’ अधिक आदराचा वाटतो, पण त्याचा दुसरा अर्थ ‘आपण सगळे’ असाही आहे. ‘इथून आपण राजवाड्याकडे जातो’ यात वाट दाखवणारा सोबत आहे की नाही ते कळत नाही. मार्ग सांगणाऱ्या मजकुरात ‘तुम्ही’ निःसंदिग्ध आहे. आज्ञार्थ ‘पाहा’, ‘राहा’ असे ठेवावेत. ‘पहा’, ‘रहा’ ही रूपेही लेखननियमांना मान्य आहेत, पण पुस्तिकेत दोनांपैकी एकच हवे.

८. एक परिच्छेद, आधी आणि नंतर

चौघांच्या कच्च्या मजकुरातून जुळवलेला हा नमुना. यातला मानधनाचा आकडा केवळ उदाहरणासाठी.

“विक्रमशाहने छत्रपती शिवाजी महाराजांचे शिर्पामाळ येथे स्वागत केले (1664) व त्यांना मानाचा शिरपेच दिला. सनसेट पॉईंट बघून झाल्यावर आपण दाभोसा वॉटरफॉलला जाऊ शकता. हा सुमारे 300 फुट उंचीवरून कोसळतो. गाइडची फीः रूपये ५००/- फक्त. तो आपल्याला ट्रेकींगचे सर्व स्पॉट्स दाखवेल.”

मान आधी तपासू. विक्रमशहा राजे आहेत आणि गाईड प्रौढ माणूस आहे. दोघांचेही एकवचन जाते. मग आकडे : १६६४ हे मोहिमेचे साल, लिपी मिश्र, ‘फीः’मध्ये विसर्ग. शेवटी शब्द : ठिकाणाचे नाव एकच (शिरपामाळ), पॉइंट, धबधबा, फूट, गाईड, ट्रेकिंग आणि ‘स्पॉट्स’ला सुटी.

“जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपामाळला छत्रपती शिवाजी महाराजांचे स्वागत केले आणि त्यांना मानाचा शिरपेच दिला, असे सांगितले जाते. ते १६६३ सालाचे अखेरचे दिवस होते. महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले होते. सनसेट पॉइंट पाहून झाल्यावर तुम्ही दाभोसा धबधब्याला जाऊ शकता. तो सुमारे ३०० फुटांवरून कोसळतो. गाईडचे मानधन ५०० रुपये. गाईड तुम्हाला ट्रेकिंगच्या सगळ्या जागा दाखवतील.”

शेवटच्या वाक्यात ‘ते’ न लिहिता ‘गाईड’ पुन्हा लिहिला आहे. गाईड पुरुषच असेल असे नाही, आणि ‘दाखवतील’ दोघांनाही चालते.

९. निर्णय कुठे लिहून ठेवायचे?

गवंडी भिंत उचलताना दोन टोकांना दोरी ताणतो आणि प्रत्येक थर तिच्याशी जुळवतो. पुस्तिकेची दोरी म्हणजे एक पानभर यादी. ती मजकूर येण्यापूर्वी अर्धी तयार असते आणि मजकूर वाचताना पूर्ण होते. मजकूर पहिल्यांदा वाचताना काहीही दुरुस्त करू नये. जे शब्द दोन प्रकारे लिहिलेले दिसतील ते फक्त टिपावेत. मग वर्णानुक्रमे लावून प्रत्येकापुढे एक निवडलेले रूप आणि त्याचे एक सामान्यरूप लिहावे : ‘फूट – फुटांवरून’, ‘गाईड – गाईडचे’, ‘मोखाडा – मोखाड्यात’, ‘विक्रमशहा – विक्रमशहा यांनी’. सामान्यरूप सोडले तर यादीचा अर्धा उपयोग जातो, कारण चुका बहुतेक तिथेच होतात.

दुरुस्ती एकाच व्यक्तीने आणि तीन फेऱ्यांत करावी : एक फेरी फक्त माणसांची, एक फक्त आकड्यांची, एक फक्त शब्दांची. तिन्ही एकदम पाहू गेले की डोळा शब्दांवर अडतो, कारण ते सर्वांत ठळक असतात, आणि ‘राजाचा’मधला न दिलेला अनुस्वार तसाच छपाईला जातो. मांडणी झाल्यावर नकाशा, फोटोखालच्या ओळी आणि मागचे पान पुन्हा स्वतंत्र वाचावे. ते मजकूर बहुधा मूळ फाइलमध्ये नसतात. मांडणी करणाऱ्याने ते नव्याने टाइप केलेले असतात, आणि यादी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. म्हणून यादीची एक प्रत सुरुवातीलाच त्याच्या हाती द्यावी.

छापून झाल्यावर कोणी ‘गाइड’ असायला हवे होते म्हणाला, तर यादीत दुसऱ्या आवृत्तीसाठी तशी नोंद करावी. पण तो बदल करायचा तर ‘मोबाईल’, ‘साईट’, ‘लाईट’ यांनाही एकत्रच हात लावावा लागेल. एका नियमाने ठरलेले शब्द सुटे सुटे बदलत नाहीत.